ऑफिसच्या दौऱ्याला जोडून सुट्टी: आखणीपासून क्लेम मंजूर होईपर्यंत

ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी गेल्यावर पुढे दोन-तीन दिवस स्वतःसाठी राहायला बहुतेक कंपन्यांची हरकत नसते. घोळ होतो तो महिनाभराने. क्लेम परत येतो, अकाउंट्सवाले विचारतात, 'हे सोमवारचं तिकीट का?' आणि उत्तर द्यायला हातात कागद नसतो. चूक बहुधा क्लेममध्ये नसते, कामांच्या क्रमात असते: आधी तिकीट काढलं जातं, मग साहेबांना सांगितलं जातं आणि हिशेब सगळ्यात शेवटी सुचतो. हा क्रम उलटा केला की बरेचसे प्रश्न उभेच राहत नाहीत.

शेवटपर्यंत एकच उदाहरण घेऊ. पुण्यातल्या कंपनीतली एक कर्मचारी गुरुवार-शुक्रवार क्लायंटच्या कामासाठी कोचीला, काक्कनाडच्या आयटी पार्कात जाणार आहे. शनिवार, रविवार आणि सोमवार तिला फोर्ट कोची आणि अलेप्पीसाठी हवेत. भाडी आणि बिलांचे आकडे उदाहरणादाखल आहेत, हिशेबाची रीत मात्र कुठेही चालेल.

## टप्पा १: सुट्टी वगळून दौरा कागदावर मांडा

पहिलं काम सुट्टी आखण्याचं नाही. ही सुट्टी नसतीच, तर ऑफिसचा दौरा नेमका कसा झाला असता, ते लिहून काढायचं. याला 'मूळ दौरा' म्हणू. पुढचा सगळा हिशेब याच मापाने होतो: कंपनीचा खर्च मूळ दौऱ्यापेक्षा एक रुपयाने वाढता कामा नये, आणि वाढला नाही हे दाखवता आलं पाहिजे.

आपल्या उदाहरणात मूळ दौरा असा होतो. बुधवारी संध्याकाळी पुण्याहून विमान, रात्री काक्कनाडजवळ मुक्काम. गुरुवार-शुक्रवार काम. शुक्रवारी मीटिंग सहाला संपणार. विमानतळ नेडुंबासेरीला, शहराबाहेर. संध्याकाळच्या गर्दीत काक्कनाडहून तिथे पोहोचायला तासभर तरी धरावा लागतो, शिवाय विमानतळावर आधी पोहोचायचा वेळ वेगळा. त्यामुळे रात्रीचं विमान धरणं धोक्याचं, आणि मूळ दौऱ्यातली परतीची वेळ शनिवारी सकाळची ठरते. म्हणजे शुक्रवारची रात्र कंपनीच्या खात्यात.

या एका रात्रीवरून सगळ्यात जास्त वाद होतात. मीटिंग तीनला संपणार असेल, तर शुक्रवारची रात्र कंपनीची नाही, तुमची आहे. सहाला संपणार असेल तर कंपनीची. पण हे आधी ठरलेलं असलं पाहिजे. नंतर सांगितलं की ती सबब वाटते.

आता मूळ दौऱ्याचं भाडं नोंदवा. तिकीट काढायच्या दिवशी, एकाच बैठकीत, दोन्ही पर्यायांचे स्क्रीनशॉट घ्या: शनिवारी सकाळी परत येण्याचं भाडं आणि तुम्हाला हव्या असलेल्या सोमवारच्या विमानाचं भाडं. स्क्रीनवर तारीख, वेळ आणि एकूण रक्कम दिसली पाहिजे. विमानाचं भाडं तासातासाला बदलतं. पंधरा दिवसांनी क्लेम भरताना 'तेव्हा साधारण एवढंच होतं' म्हणण्याला अर्थ उरत नाही.

तपासा: दोन्ही स्क्रीनशॉटमध्ये सामान आणि सीटचे पर्याय सारखेच आहेत ना? एकात पंधरा किलो सामान धरलेलं आणि दुसऱ्यात फक्त हातातली बॅग, अशी तुलना अकाउंट्समध्ये टिकत नाही.

## टप्पा २: सुट्टीचे दिवस कामाच्या आधी की नंतर?

शक्यतो नंतर. याचं कारण मजेशी नाही, जोखमीशी आहे. आधी फिरलात आणि अलेप्पीहून निघालेली गाडी रखडली, पोट बिघडलं किंवा फोन पाण्यात पडला, तर त्याचा फटका मीटिंगला बसतो आणि तो तुमच्या नावावर लिहिला जातो. कामानंतर काही बिनसलं, तर बिघडते ती तुमची सुट्टी.

नंतरच्या सुट्टीलाही एक अडचण असते: काम लांबतं. क्लायंट शुक्रवारी दुपारी म्हणतो, 'उद्या सकाळी दोन तास बसूया का?' म्हणून कामानंतरच्या पहिल्या दिवशी पैसे बुडतील असं काही ठेवू नका. शनिवारी नुसतं फोर्ट कोचीत राहायला जा, होमस्टेचं बुकिंग रद्द करता येईल असं घ्या. हाउसबोट किंवा आगाऊ पैसे भरलेली कुठलीही गोष्ट रविवारवर ढकला.

काम सोमवारी सुरू होणार असेल, तर मात्र शनिवार-रविवार आधी फिरण्यात अर्थ आहे. तेव्हा एक पथ्य पाळा: रविवारी दुपारपर्यंत कामाच्या गावात, कामाच्या हॉटेलजवळ पोहोचायचं.

दिवस ठरवताना ठिकाणांचे बंद वार बघायला लोक हमखास विसरतात. मट्टनचेरीचा डच पॅलेस शुक्रवारी बंद असतो आणि जवळचं परदेशी सिनेगॉग शनिवारी, शब्बाथमुळे. त्यामुळे मट्टनचेरी रविवारी सकाळी ठेवलं तर दोन्ही बघून होतात. शनिवारी फोर्ट कोचीचा किनारा, चिनी जाळी आणि हायकोर्ट जेट्टीवरून वॉटर मेट्रो. अलेप्पी रस्त्याने पन्नास-पंचावन्न किलोमीटर. तिथे रात्रीची हाउसबोट बहुधा दुपारी बारानंतर निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आसपास उतरवते. मासेमारीच्या जाळ्यांमुळे संध्याकाळी साडेपाच-सहानंतर बोटी नांगर टाकून उभ्या असतात, म्हणून चारला पोहोचून हाउसबोट घेणं म्हणजे पैसे पाण्यात. रविवारी मट्टनचेरी आणि हाउसबोट दोन्ही कोंबायच्या फंदात पडू नका. आपल्या उदाहरणातली कर्मचारी हाउसबोट सोडून देते. सोमवारी सकाळी ती अलेप्पीला जाऊन सरकारी जलवाहतुकीच्या प्रवासी बोटीने कालव्यांतून एक फेरी मारते. तिकीट नाममात्र असतं आणि तिला संध्याकाळचं विमान गाठायचं आहे.

## टप्पा ३: परवानगी आणि रजा, दोन्ही तिकिटाआधी

मॅनेजरला एक मेल करा आणि ट्रॅव्हल डेस्कला त्यात ठेवा. चहा पिताना मिळालेली परवानगी क्लेमला जोडता येत नाही. मेल लांबलचक नको, पण चार गोष्टी हव्यातच. कामाच्या तारखा आणि मूळ दौऱ्यातली परतीची वेळ, कारणासह. वैयक्तिक दिवस कोणते आणि ते कोणत्या क्षणी सुरू होतात ('शनिवारी हॉटेल सोडल्यापासून'). परतीच्या भाड्यातला फरक कोण भरणार. आणि क्लायंटने तारीख बदलली तर काय.

ही चौथी गोष्ट सहसा कोणी लिहीत नाही आणि नेमकी तीच पुढे नडते. सरळ वाटणी अशी: काम पुढे गेल्यामुळे तिकीट बदलण्याचा खर्च कंपनीचा, पण त्यामुळे बुडालेलं होमस्टेचं बुकिंग तुमचं. मॅनेजरने नुसतं 'ओके' लिहून उत्तर दिलं तरी पुरे.

रजेच्या अर्जात दोन सापळे आहेत. पहिला म्हणजे सोमवार 'ऑन ड्यूटी' राहून जाणं. दौऱ्याच्या नोंदीत ट्रॅव्हल डेस्क अनेकदा परतीच्या विमानापर्यंतचे सगळे दिवस ड्यूटीवर धरतो. तुम्ही रजा टाकली नाही, तर हजेरीपुस्तक म्हणतं तुम्ही कामावर होता आणि फोटो म्हणतात अलेप्पीत. दुसरा सापळा सँडविच नियमाचा. काही कंपन्यांत शुक्रवार आणि सोमवार अशी दोन्ही बाजूंना रजा घेतली, तर मधले शनिवार-रविवारही रजेत मोजले जातात. आपल्या उदाहरणात शुक्रवारी काम आहे, त्यामुळे एकट्या सोमवारची रजा जाते. तुमचं काम गुरुवारीच संपत असेल, तर आधी एचआरला विचारा. नाहीतर दोनऐवजी चार रजा गेलेल्या पगाराच्या स्लिपमध्ये दिसतील.

तपासा: मेलचं उत्तर आलं आणि रजा मंजूर झाली, तरच पुढच्या टप्प्यावर जा.

## टप्पा ४: बुकिंग वेगवेगळं करा

विमान. देशांतर्गत प्रवासात जाण्याचं आणि येण्याचं तिकीट सहसा वेगवेगळं काढलं तरी एकूण भाड्यात फारसा फरक पडत नाही. म्हणून दोन स्वतंत्र पीएनआर घ्या. जाण्याचं तिकीट निखळ ऑफिसचं. येण्याच्या तिकिटात तुमचा वाटा असला, तर हिशेब त्या एका कागदापुरता राहतो.

जाण्याच्या तिकिटावर कंपनीचा जीएसटी क्रमांक बुकिंग करतानाच टाका, नंतर तो चढवून घेताना विमान कंपनीच्या दारात खेटे घालावे लागतात. परतीच्या मिश्र तिकिटावर तो टाकायचा की नाही, हे अकाउंट्सला विचारा. आणि ट्रॅव्हल डेस्कवरचं कॉर्पोरेट भाडं फक्त तुमच्यासाठी असतं. जोडीदाराचं तिकीट त्यात घुसवू नका.

हॉटेल. कामाच्या तीन रात्रींचं बुकिंग कंपनीच्या नावाने, सुट्टीच्या रात्रींचं तुमच्या नावाने. एकाच हॉटेलात राहणार असाल तरी दोन बुकिंग, दोन बिलं. 'एकच बिल घेऊ, नंतर भागू' हे सोपं वाटतं, पण त्या बिलात नाश्ता, लाँड्री आणि कर असा मिसळतो की कोणालाच तो सुटा करता येत नाही.

हॉटेलच्या जीएसटीबद्दल एक गैरसमज आहे. केरळातल्या हॉटेलचं बिल केरळच्या सीजीएसटी-एसजीएसटीने बनतं. कंपनीची नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल, तर त्या कराचं क्रेडिट कंपनीला एरवीही मिळत नाही. तरीही बिलावर कंपनीचं नाव हवं, कारण ते खर्चाचा पुरावा आहे. विमानाच्या तिकिटाचं तसं नाही. तिथे कंपनीचा क्रमांक दिला की कर महाराष्ट्रातल्या नोंदणीला धरून लागतो. म्हणून तिकिटावरच्या क्रमांकाची काळजी जास्त घ्यायची.

सावध: जोडीदार शुक्रवारी रात्रीच येणार असेल, तर दुसऱ्या माणसाचा जादा आकार हॉटेलला वेगळा लावायला सांगा आणि स्वतः भरा. कंपनीच्या बिलावर दोन पाहुणे दिसले की पुढचे सगळे आकडे संशयाने तपासले जातात.

## टप्पा ५: शनिवारी सकाळी खातं बंद करा

काम आणि सुट्टी यांच्यामधली रेषा आखायची वेळ म्हणजे हॉटेल सोडण्याची वेळ. त्या अर्ध्या तासात नीट काम केलं, तर परतल्यावर क्लेम भरायला फार वेळ लागत नाही.

काउंटरवर बिल हातात घेऊन उभ्या उभ्याच वाचा: कंपनीचं नाव बरोबर आहे का, तारखा तीनच रात्रींच्या आहेत का, मिनीबार किंवा लाँड्री चढली आहे का. चूक असेल तर तिथेच बदलून घ्या. पुण्याहून फोन करून सुधारित बिल मागवणं म्हणजे आठवडाभराचा पाठपुरावा. मग टॅक्सीची, जेवणाची सगळी बिलं एका जागी काढून फोटो घ्या. थर्मल कागदावरची शाई उडते, आणि केरळच्या दमट हवेत खिशात राहिलेली पावती वाचता येईलच असं नाही. बुधवारच्या बोर्डिंग पासचाही स्क्रीनशॉट ठेवा, काही कंपन्या तो मागतात.

हे झालं की खर्चाचं साधन बदला. कंपनीचं कार्ड पाकिटातून काढून बॅगेत आत ठेवा. टॅक्सीच्या ॲपवर 'बिझनेस' प्रोफाइल असेल, तर ते 'पर्सनल' करा. फोर्ट कोचीला जाणारी शनिवारची टॅक्सी चुकून कंपनीच्या खात्यावर पडणं ही अगदी नेहमीची चूक आहे. रक्कम किरकोळ असते, पण क्लेम अडकायला तेवढी पुरते. एखादा खर्च पडलाच, तर लपवू नका. क्लेममध्ये 'वैयक्तिक, वसूल करावा' अशी ओळ लिहून टाका.

## टप्पा ६: क्लेम असा मांडा

आता आकडे. सगळा खर्च तिने आधी स्वतः केला आहे असं धरू.

जाण्याचं विमान ६,२०० रुपये, पूर्ण कंपनीचं. परतीचं सोमवारचं तिकीट पडलं ६,९०० रुपयांना. पण मूळ दौऱ्यातलं शनिवारचं तिकीट त्याच दिवशी ५,८०० ला मिळत होतं. कंपनीकडे मागायचे ५,८००, फरकाचे १,१०० स्वतःचे. क्लेमला ६,९०० चं तिकीट आणि ५,८०० चा स्क्रीनशॉट, दोन्ही जोडायचे.

उलट झालं असतं तर? सोमवारचं तिकीट ५,००० लाच मिळालं असतं, तर क्लेम ५,००० चाच. 'कंपनीचे आठशे वाचवले, ते मला द्या' हा हिशेब चालत नाही. प्रत्यक्ष खर्च आणि मूळ दौऱ्याचा खर्च, दोन्हीत कमी असेल तो.

हॉटेलच्या तीन रात्री, प्रत्येकी ४,२०० आणि त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण १३,२३०. फोर्ट कोचीतल्या दोन रात्रींची पावती क्लेमच्या जवळपासही नको.

टॅक्सीत थोडा विचार लागतो. पुण्यात घर ते विमानतळ आणि परत, ७०० आणि ७००. सुट्टी नसती तरी हे झालंच असतं, म्हणून दोन्ही कंपनीचे. बुधवारी नेडुंबासेरी ते काक्कनाड ९००, कंपनीचे. दोन दिवसांच्या ऑफिसच्या फेऱ्या ६४०. सोमवारी फोर्ट कोचीहून विमानतळाला १,५०० लागले. मूळ दौऱ्यात काक्कनाडहून ९०० लागले असते, म्हणून ९०० मागायचे आणि ६०० सोडायचे. काही कंपन्या ही शेवटची फेरी पूर्णच वैयक्तिक धरतात. धोरणात तसं लिहिलं असेल तर ९०० वरही पाणी सोडा. टॅक्सी एकूण ३,८४०.

जेवणाचा दैनिक भत्ता हजार रुपये धरू. बुधवारी अर्धा, गुरुवार-शुक्रवार पूर्ण, असे २,५००. शनिवारी मूळ दौऱ्यात ती दुपारपर्यंत प्रवासात असती, तेव्हा अर्धा भत्ता मागता येईल असा युक्तिवाद करता येतो. माझं मत: मागू नये. त्या दिवशी ती प्रवासात नव्हती, आणि पाचशे रुपयांसाठी अख्ख्या क्लेमवर प्रश्नचिन्ह ओढवून घेण्यात हशील नाही.

एकूण क्लेम: १२,००० अधिक १३,२३० अधिक ३,८४० अधिक २,५००, म्हणजे ३१,५७०.

क्लेमच्या वरच्या रकान्यात दोन ओळी लिहा: 'अधिकृत दौरा बुधवार संध्याकाळ ते शनिवार सकाळ. पुढचे दिवस वैयक्तिक, मंजुरीचा मेल आणि तुलनेचं भाडं सोबत.' तपासणाऱ्याला सोमवारचं तिकीट दिसण्याआधी हे वाचायला मिळालं पाहिजे.

मुदत दौरा संपल्यापासून मोजतात की परतीच्या तारखेपासून, हे धोरणात बघा. अधिकृत दौरा शनिवारी संपला, तर घड्याळ शनिवारी सुरू झालेलं असू शकतं. दौरा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात असेल, तर घाई करा. ३१ मार्चला पुस्तकं बंद होतात आणि मागच्या वर्षाचा खर्च एप्रिलमध्ये मंजूर करून घेणं जिकिरीचं असतं.

## टप्पा ७: कराची एक बाजू

कंपनी उदार असेल आणि सुट्टीच्या दिवसांचा खर्चही देत असेल, तर तो फुकट नाही. ऑफिसचा दौरा पुढे सुट्टीसाठी वाढवला आणि त्या वाढीव मुक्कामाचा खर्च मालकाने उचलला, तर तेवढी रक्कम पगारातली करपात्र सवलत, म्हणजे परक्विझिट ठरते. सोबत आलेल्या कुटुंबीयांचा खर्च कंपनीने केला, तर त्यालाही हेच लागू. कामाच्या दिवसांच्या खर्चाला मात्र हे लागत नाही, आणि दोन बिलं वेगळी ठेवण्याचं हे आणखी एक कारण. शिवाय जे तिकीट दौऱ्याच्या क्लेमला लावलं, तेच एलटीएसाठी पुन्हा लावता येत नाही.

## परदेश दौरा असेल तर काय बदलतं

रीत तीच, पण तीन ठिकाणी वेगळं वागावं लागतं. आंतरराष्ट्रीय प्रवासात एकेरी तिकीट अनेकदा जाऊन-येऊन तिकिटाच्या तुलनेत फार महाग पडतं. म्हणून तिथे दोन पीएनआरचा हट्ट सोडा. एकच तिकीट काढा आणि तुलनेचा स्क्रीनशॉटही जाऊन-येऊन भाड्याचाच घ्या.

व्हिसाच्या अर्जात सगळे दिवस दाखवा. शेंगेन देशांत यजमान कंपनीचं निमंत्रणपत्र फक्त कामाच्या दिवसांपुरतं असतं. सुट्टीच्या दिवसांसाठी हॉटेलचं बुकिंग आणि खर्चाची सोय तुम्हाला वेगळी दाखवावी लागते, आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा संपूर्ण मुक्कामाचा लागतो. कंपनीचा प्रवास विमा कामाच्या शेवटच्या दिवशी संपत असेल, तर पुढच्या दिवसांची पॉलिसी स्वतः घ्या, तीही अर्ज भरण्याआधी. शेंगेनचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पंधरा दिवसांच्या भरवशावर मात्र राहू नका, गर्दीच्या हंगामात अपॉइंटमेंटच उशिराची मिळते.

तिसरी गोष्ट परकीय चलनाची. कंपनीने भरलेलं फॉरेक्स कार्ड कामाच्या दिवसांनंतर वापरू नका, उरलेली रक्कम तशीच राहू द्या आणि परत आल्यावर ट्रॅव्हल डेस्कला जमा करा. सुट्टीसाठी स्वतःचं वेगळं कार्ड निघण्याआधीच घेऊन ठेवा. परक्या देशात रविवारी संध्याकाळी पैसे संपले की हाताशी असेल तेच कार्ड माणूस पुढे करतो.